२.९८४ न्यूट्रिनो

पंगतीत पानं किती मांडली हे मोजलं तर उत्तर तीनशे येईल, चुकलं तर तीनशे एक येईल. दोनशे नव्याण्णव आणि वर थोडं, असं येणार नाही. पण २००६ साली जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या प्रयोगांनी निसर्गात हलक्या न्यूट्रिनोंचे प्रकार किती आहेत याचं अंतिम उत्तर छापलं, तेव्हा ते होतं २.९८४०. त्यात ०.००८२ इतकं कमी-जास्त धरायचं. तीन प्रकार असतील तर तीन म्हणा ना, हे दशांश कुठून आले?

ते आले, कारण न्यूट्रिनो कोणी मोजलेच नव्हते. त्या प्रयोगांच्या शोधकयंत्रांतून न्यूट्रिनो कसलीही खूण न ठेवता निघून जात होते. मोजला गेला होता तो एका आलेखावरचा डोंगर: त्याची उंची आणि त्याची रुंदी. या डोंगराला भौतिकीत ब्राइट-विग्नर वक्र म्हणतात. जो कण जन्मतो आणि कुठल्याही घड्याळाला पत्ता लागायच्या आत संपतो, त्याच्या आयुष्याची लांबी या वक्राच्या रुंदीत उतरलेली असते. आणि ते आयुष्य किती वाटांनी संपू शकतं याचा हिशेबही तिथेच असतो, न दिसणाऱ्या वाटांसकट.

हा कण म्हणजे झेड बोसॉन. त्याचं सरासरी आयुष्य २.६ × १०⁻²⁵ सेकंद. दशांशचिन्हानंतर चोवीस शून्यं लिहायची आणि मग २६. एवढ्या वेळात प्रकाश जेवढा सरकतो ते अंतर प्रोटॉनच्या त्रिज्येच्या जेमतेम दहावा हिस्सा आहे. म्हणजे झेड जिथे जन्मतो तिथेच मरतो. काही कण मरण्याआधी मिलिमीटरभर धावतात, मग त्या वाटेची लांबी मोजून आयुष्य काढता येतं. इथे मोजायला वाटच नाही.

वाट नसेल तर दुसरं काय उरतं, हे समजायला तानपुरा घेऊन बसू. दोन तारा जवळपास सारख्या लावल्या आहेत, एक सेकंदाला २४० वेळा थरथरते, दुसरी २४१ वेळा. दोन्ही एकदम छेडल्या की आवाज सेकंदाला एकदा फुगतो आणि ओसरतो. कानाला हा एका कंपनाचा फरक कळायला साधारण सेकंदभर ऐकावं लागतं. आता छेडल्या छेडल्या दहाव्या हिस्सा सेकंदात तारांवर बोट ठेवून त्या थांबवल्या तर? कितीही तयारीचा कान असू दे, २४० आणि २४१ यांतला फरक सांगता येणार नाही. एवढ्या वेळात एका तारेची २४ कंपनं होतात, दुसरीची २४.१. सेकंदाला दहाएक कंपनांचा फरक असेल तरच काही बोलता येईल. दोष कानाचा नाही. इतक्या कमी वेळ टिकलेल्या आवाजाला नेमका एक स्वर नसतोच, तो आजूबाजूच्या स्वरांत पसरलेला असतो. जितकं तोकडं वाजणं, तितका रुंद स्वर.

पुंजभौतिकीत ऊर्जा आणि कंपनसंख्या ही एकाच गोष्टीची दोन मापं आहेत. त्यामुळे तानपुऱ्याची ही गोष्ट जशीच्या तशी कणांना लागू होते. अल्पजीवी कणाची ऊर्जा नेमकी एक नसते, ती एका पट्ट्यात पसरलेली असते. त्या पट्ट्याची रुंदी गॅमा (Γ) आणि सरासरी आयुष्य टाऊ (τ) यांचं नातं असं आहे:

Γ × τ = ħ

हेच ते अनिश्चिततेचं तत्त्व, ऊर्जा आणि काळ यांच्या जोडीपुरतं. या तत्त्वाचा लोकप्रिय अर्थ ‘मोजायला गेलं की धक्का लागतो’ असा सांगतात, तो इथे अगदी निकामी आहे. झेडला कोणी धक्का देत नाही. एरवी हे तत्त्व ‘याहून कमी नाही’ अशी खालची मर्यादा तेवढी सांगतं. इथे मात्र बरोबरीचं चिन्ह आहे, कारण असा कण एका ठरावीक पद्धतीने संपतो: उरलेल्यांपैकी ठरावीक हिस्सा दर क्षणाला गळत जातो. हळूहळू विरत जाणाऱ्या तारेचा आवाज घेऊन त्यात कोणती कंपनं किती आहेत हे गणिताने वेगळं काढलं, तर एक विशिष्ट आकाराचा डोंगर मिळतो. तोच आकार इथे मिळतो:

σ(E) ∝ 1 / [(E − E₀)² + Γ²/4]

सूत्र वाचायला सोपं आहे. E ही टक्करीची ऊर्जा, E₀ ही शिखराची जागा, σ म्हणजे टक्कर लागण्याची शक्यता. शिखरावर वजाबाकी शून्य होते आणि शक्यता सगळ्यात जास्त. शिखरापासून Γ/2 इतकं डावीकडे किंवा उजवीकडे गेलं की छेद दुप्पट होतो, म्हणजे उंची निम्मी. म्हणून अर्ध्या उंचीवर डोंगराची पूर्ण रुंदी Γ भरते. याचे पायथे लांबवर पसरतात. साध्या चुकांच्या विखुरणीचा घंटेसारखा वक्र शिखरापासून जरा दूर गेलं की जमिनीला टेकतो. हा तसा टेकत नाही. Γ/2 च्या दहापट दूर गेलं तरी शंभरावा हिस्सा उरतो.

ग्रेगरी ब्राइट आणि युजीन विग्नर यांनी १९३६ साली हे सूत्र मांडलं ते न्यूट्रॉनसाठी. काही मूलद्रव्यं एका ठरावीक ऊर्जेचे मंद न्यूट्रॉन अधाशासारखी गिळतात आणि जरा इकडेतिकडच्या ऊर्जेचे सोडून देतात, हे तेव्हाचं कोडं होतं. न्यूट्रॉन गिळून अणुकेंद्र एका अल्पजीवी अवस्थेत जातं आणि त्या अवस्थेला रुंदी असते, हे त्यांचं उत्तर. ते साल लक्षात ठेवायला हवं. त्याच वर्षी केंब्रिजमधल्या सव्वीस वर्षांच्या एका मुंबईकराचा छापून आलेला एक निबंध पुढे या गोष्टीत येणार आहे.

आता जिनिव्हाजवळ. तिथे जमिनीखाली सुमारे २७ किलोमीटर घेराचा बोगदा आहे. आज त्यात दुसरं यंत्र आहे, पण १९८९ ते २००० या काळात तिथे लेप नावाचं यंत्र होतं. एका बाजूने इलेक्ट्रॉन, उलट बाजूने त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन, दोघांची समोरासमोर टक्कर. दोघांची मिळून ऊर्जा ९१ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास आणली की झेड तयार होतात आणि टक्करींची संख्या एकदम चढते. या ऊर्जेला अनुनाद म्हणतात. झोक्याला नेमक्या लयीत धक्का दिला की तो उंच जातो, तसंच हे. ऊर्जा थोडी थोडी बदलत न्यायची, प्रत्येक ठिकाणी किती झेड मिळाले ते मोजायचं, आणि डोंगर कागदावर काढायचा. चारही शोधकयंत्रांचा हिशेब एकत्र केल्यावर रुंदी आली २.४९५२ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट. आयुष्य काढायला एकच भागाकार: ħ ची किंमत याच एककात ६.५८ × १०⁻²⁵, म्हणून ६.५८ ला २.४९५ ने भागायचं. उत्तर २.६४. वर दिलेला आयुष्याचा आकडा हाच. तो कोणी मोजलेला नाही, असा भागाकार करून काढलेला आहे.

पण न्यूट्रिनो कुठे आहेत यात? गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. टाकीला तीन नळ आहेत, दोन आपल्या अंगणात, एक भिंतीपलीकडे शेजाऱ्याच्या बंद खोलीत. अंगणातल्या दोन नळांतून मिनिटाला किती पाणी जातं ते आपण बादली लावून मोजू शकतो. टाकी किती वेळात रिकामी होते तेही बघू शकतो. दोन्ही नळांची धार जमेस धरूनही टाकी लवकर रिकामी होत असेल, तर बंद खोलीतला नळ चालू आहे, आणि त्याची धार किती हेही वजाबाकीने कळतं.

झेडला मोडण्याच्या अनेक वाटा आहेत. प्रत्येक वाटेची आपली एक धार असते, तिला आंशिक रुंदी म्हणतात, आणि सगळ्या आंशिक रुंद्यांची बेरीज म्हणजे डोंगराची पूर्ण रुंदी. सोयीसाठी दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये बोलू. क्वार्कच्या वाटांची मिळून रुंदी १७४४. इलेक्ट्रॉन, म्युऑन आणि टाऊ या भारित लेप्टॉनांची प्रत्येकी ८४, म्हणजे २५२. या सगळ्या दिसतात. दोन्ही मिळून १९९६. पूर्ण रुंदी २४९५. उरले ४९९. ही बंद खोलीतली धार. एका जातीचा न्यूट्रिनो झेडमधून किती धारेने बाहेर पडेल हे सिद्धांत सांगतो: सुमारे १६७. तीन जाती म्हणजे ५०१.

चौथी जात असती तर पूर्ण रुंदी २६६२ च्या घरात गेली असती, झेडचं आयुष्य आणखी तोकडं झालं असतं आणि डोंगर जास्त पसरट दिसला असता. न दिसणारा न्यूट्रिनो अशा तऱ्हेने दिसणाऱ्या आलेखाचा आकार बदलतो. म्युऑनच्या जोड्या मोजून काढलेला डोंगर घ्या किंवा क्वार्कच्या झोतांचा घ्या, दोघांची रुंदी तीच, पूर्ण रुंदी. टाकी कुठल्याही नळाकडून पाहिली तरी रिकामी व्हायला तेवढाच वेळ घेते. पुष्कळ पुस्तकांत प्रत्येक वाटेचा डोंगर वेगळ्या रुंदीचा असावा असा समज होईल असं लिहिलेलं असतं. उंची वेगळी असते, रुंदी नाही.

उंचीबद्दल एक बारकावा आहे, आणि प्रत्यक्ष हिशेब बहुतांशी त्यावर उभा आहे. चौथ्या न्यूट्रिनोने रुंदी साधारण पावणेसात टक्क्यांनी वाढते, पण शिखराची उंची बारा टक्क्यांनी खाली येते. कारण उंचीत पूर्ण रुंदी दोनदा भागाकारात येते: एकदा इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनमधून झेड तयार होताना, एकदा झेड क्वार्कमध्ये मोडताना. म्हणून न्यूट्रिनो मोजायचे तर शिखराची उंची हा जास्त हळवा काटा. १९८९ च्या ऑगस्टमध्ये लेपमध्ये पहिल्या टकरी झाल्या आणि ऑक्टोबरमध्ये निकाल जाहीरही झाले. अलेफ नावाच्या प्रयोगाकडे तेव्हा अशा घटना तीनेक हजारच होत्या. उत्तर आलं ३.२७, कमी-जास्त ०.३०. दोन बसत नव्हते, चारही फारसे बसत नव्हते. बारा टक्क्यांचा फरक ओळखायला तीन हजार घटना पुरतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ या चार प्रयोगांपैकी एल-थ्री या प्रयोगात सहभागी होते.

पुढची सहा वर्षं गेली ती दशांशांच्या मागे. १९९५ पर्यंत चारही यंत्रांनी मिळून सुमारे १ कोटी ७० लाख झेड टिपले. आणि जसजसे झेड वाढत गेले तसतशा वक्र बिघडवणाऱ्या गोष्टी एकेक वर येऊ लागल्या.

पहिला बिघाड तर उघड्या डोळ्यांना दिसतो. वरच्या सूत्राप्रमाणे डोंगर दोन्ही बाजूंना सारखा उतरायला हवा. शिखरापासून १.८ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट डावीकडे आणि तेवढंच उजवीकडे गेलं तर दोन्हीकडे उंची शिखराच्या सुमारे एक तृतीयांश यावी. शिखर ४१.५ एककं धरलं तर दोन्हीकडे साडेतेरा. (एकक नॅनोबार्न, टक्कर लागायच्या शक्यतेचं ते क्षेत्रफळातलं माप आहे.) प्रत्यक्षात लेपवर मोजलं तेव्हा डावीकडे सुमारे १०, शिखरावर ३० आणि उजवीकडे १४ असे आकडे आले. शिखर बसकं झालं होतं, किंचित उजवीकडे सरकलं होतं आणि उजवा उतार जाडजूड होता.

कारण असं, की टक्करीच्या आधीच इलेक्ट्रॉन किंवा पॉझिट्रॉन एखादा फोटॉन फेकून देतो आणि त्याची ऊर्जा घटते. शिखरावर नेम धरून आलेली जोडी मग शिखराखाली घसरते आणि झेड होत नाही. म्हणून शिखर खचतं. शिखराच्या उजवीकडे, जास्त ऊर्जेवर असलेली जोडी मात्र घसरून शिखरावर येते आणि झेड होतो. म्हणून उजवा उतार भरतो. डावीकडची जोडी घसरली की आणखीच दूर जाते. मोजलेल्या बिंदूंतून सरळ ब्राइट-विग्नर वक्र काढायला गेलात तर तो बसत नाही, डावा आणि उजवा बिंदू एकमेकांशी भांडतात, आणि त्यावरूनच काहीतरी राहिलं हे कळतं. फोटॉन फेकण्याचं गणित मात्र फार चांगलं माहीत आहे, त्यामुळे त्याचा परिणाम हिशेबाने उलटा काढता येतो. तो काढल्यावर शिखर परत ४१.५ वर जातं. म्हणजे निकालाच्या कोष्टकातला तो डोंगर कोणी थेट पाहिलेला नसतो. तो धुऊन-पुसून काढलेला असतो, आणि धुण्याची रीत चुकली तर डोंगर चुकतो.

दुसरी अडचण यंत्राच्या स्वतःच्या रुंदीची. झोतातल्या सगळ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा तंतोतंत सारखी नसते. लेपमध्ये यामुळे टक्करीची ऊर्जा पन्नासएक दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टने पसरलेली असे. झेडची रुंदी २४९५, तिच्यापुढे हा पसारा किरकोळ. पण १९७४ साली जे-साय हा कण सापडला तेव्हा उलट झालं होतं. त्याची खरी रुंदी एका दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, आणि यंत्राचा पसारा त्याच्या कित्येक पट. तिथे कागदावर दिसलेला डोंगर कणाचा नव्हताच, यंत्राचा होता. त्याची रुंदी मोजून आयुष्य काढलं असतं तर उत्तर सपशेल चुकलं असतं. मग करायचं काय? यंत्र डोंगर पसरवतं, बसकं करतं, पण त्याखालचं क्षेत्रफळ तेवढंच ठेवतं. उंची आणि रुंदी सोडून देऊन क्षेत्रफळ मोजलं, आणि इतर मोजमापांची जोड देऊन खरी रुंदी काढली. एखाद्या शिखराची रुंदी ऐकली की ती कणाची आहे की उपकरणाची, हा प्रश्न आधी विचारावा.

झेडच्या बाबतीत खरी डोकेदुखी होती ती आडव्या अक्षाची. डोंगर किती रुंद हे सांगायचं तर डावा बिंदू आणि उजवा बिंदू यांच्यातलं अंतर नेमकं माहीत हवं. दोन्ही बिंदू एकाच बाजूला सारखे सरकले तर फक्त शिखराची जागा, म्हणजे झेडचं वस्तुमान, चुकतं. रुंदीला काही होत नाही. पण समजा डाव्या बिंदूची ऊर्जा आपण ३ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टने कमी धरली आणि उजव्याची ३ ने जास्त. बिंदूंतलं अंतर सुमारे ३६००, त्यात ६ ची चूक, म्हणजे साधारण ०.१७ टक्के. रुंदीही तेवढ्याच प्रमाणात चुकणार: चार दशलक्ष. आणि अंतिम निकालातली एकूण अनिश्चितता होती २.३ दशलक्ष.

ऊर्जा मोजण्याची रीत सुरेख होती. फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे चुंबकी अक्ष भोवऱ्यासारखे डुलतात. ४५.६ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनाचा अक्ष बोगद्याच्या एका फेरीत सुमारे १०३ वेळा डुलतो, आणि हा आकडा ऊर्जेच्या प्रमाणात बदलतो. त्या डुलण्याच्या लयीत नेमका बसेल असा चुंबकी धक्का दिला की अक्षांची शिस्त मोडते. कोणत्या लयीला मोडली ते टिपलं की ऊर्जा कळते, एका दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षाही बारीक. इथेही अनुनादच.

पण हे मोजमाप करताना टकरींचं काम थांबवावं लागे. ते अधूनमधूनच व्हायचं, आणि दोन मोजमापांच्या मध्ये ऊर्जा हलत होती. का हलते याचा एक माग चंद्रापर्यंत गेला. भरती-ओहोटी समुद्रालाच येते असं नाही, खडकालाही येते. २७ किलोमीटरचा घेर तिच्यामुळे एखाद्या मिलिमीटरने ताणला जाई. झोताच्या फेरीची लांबी रेडिओ लहरींनी बांधून ठेवलेली, ती बदलत नाही. मग चुंबक बाहेर सरकले की झोत त्यांच्या मधोमध न जाता कडेने जातो आणि ऊर्जा बदलते. एका मिलिमीटरला झोताच्या ऊर्जेत दहाएक दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टचा फरक. १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये तासनतास मोजमाप करून हा चढउतार भरतीच्या गणिताशी ताडून पाहिला, तो जुळला. जिनिव्हाच्या सरोवरातलं पाणी वाढलं-घटलं की तेही खडकावर भार टाकी आणि आकड्यांत दिसे.

चंद्र वजा केला तरी काहीतरी उरत होतं. १९९५ साली बोगद्यातल्या काही चुंबकांमध्ये क्षेत्र मोजणारी उपकरणं बसवली, तेव्हा दिसलं की दिवसभर क्षेत्र थरथरतं आणि हळूहळू चढत जातं, आणि मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत एकदम शांत होतं. रात्री कोण झोपतं? आगगाड्या. जिनिव्हाहून फ्रान्सकडे जाणाऱ्या मार्गावर विजेच्या गाड्या धावतात. रुळांतून परतणाऱ्या विजेचा काही भाग जमिनीत गळतो आणि सोयीची वाट शोधत लेपच्या धातूच्या नळीतून वाहतो. एखादा अँपिअर एवढीच वीज, पण चुंबकांचं क्षेत्र ती ठोकून ठोकून वर नेत होती. गाडी सुटल्याची वेळ आणि नळीतल्या विजेचा आलेख शेजारी ठेवले, तेव्हा एकाला दुसऱ्याची सावली म्हणावी असे ते दिसत होते. परिणाम: दिवसभरात काही दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टची वाढ. रुंदीच्या हिशेबात तेवढं पुरेसं घातक.

आडवा अक्ष असा सरळ झाला. उभा अक्ष उरला, आणि इथे तो मुंबईकर येतो. किती झेड मिळाले हा आकडा एकटा निरुपयोगी आहे, झोत किती दाट होते हेही हवं. दाट झोतात जास्त टकरी होणारच. हे दाटपण मोजायला अशी एखादी टक्कर लागते जी झेडवर अवलंबून नाही आणि जिचं गणित पक्कं आहे. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांना अगदी ओझरते घासून पुढे जातात, ती ही टक्कर. तिचं सूत्र होमी भाभांनी १९३६ साली काढलं, म्हणून तिला भाभा विकिरण म्हणतात. लेपच्या चारही प्रयोगांत झोताच्या नळीला लागून दोन्ही टोकांना छोटे मापक बसवलेले होते, त्यांचं काम भाभांच्या टकरी मोजत राहणं. झेडची संख्या भागिले भाभांची संख्या, मग सिद्धांताने गुणायचं, की शिखराची उंची मिळते. अणुऊर्जेशी आपण जोडतो ते भाभा हेच. कणभौतिकीवाल्यांच्या तोंडी ‘भाभा’ हे टक्करीचंच नाव असतं, एका रात्रीत इतके हजार भाभा आले असं ते बोलतात.

२.९८४० या आकड्याची चूक शेवटी इथेच निघाली. तीनपेक्षा तो ०.०१६ ने कमी होता, म्हणजे सांगितलेल्या अनिश्चिततेच्या दुपटीएवढा. एवढा फरक योगायोगानेही पडतो, म्हणून बोंब कोणी मारली नाही, पण डोळ्यांत खुपत राहिला. यंत्र केव्हाच मोडीत निघालं होतं, जुने आकडे तेवढे शिल्लक होते. २०१९ साली लक्षात आलं की ओझरता घासून निघालेला इलेक्ट्रॉन समोरून येणाऱ्या पॉझिट्रॉनांच्या पुंजक्याच्या विद्युत आकर्षणात सापडतो आणि किंचित आत, नळीच्या बाजूला ओढला जातो. त्यामुळे काही भाभा मापकाच्या आतल्या कडेवरून निसटत होते. हजारात एखादा. भाभा कमी मोजले गेले, म्हणून झोत खऱ्यापेक्षा विरळ वाटले, म्हणून तेवढ्याच झेडसाठी शिखर खऱ्यापेक्षा उंच निघालं, आणि शिखर उंच म्हणजे न दिसणाऱ्या वाटा कमी. हजारातल्या एका चुकीने न्यूट्रिनोंची संख्या ०.००८ ने खाली आली होती. पुढच्याच वर्षी भाभा विकिरणाचं सैद्धांतिक गणितही नव्याने, जास्त बारकाईने केलं गेलं. दोन्ही दुरुस्त्या धरून आकडा झाला २.९९६३, कमी-जास्त ०.००७४.

या आकड्याच्या आवाक्याबाहेरही काही आहे. झेडच्या वाटेने जी जात बाहेर पडू शकते तीच या रुंदीत मोजली जाते. ज्या न्यूट्रिनोचं वस्तुमान झेडच्या निम्म्याहून, म्हणजे साडेपंचेचाळीस अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टहून जास्त असेल त्याची जोडी झेडमधून निघूच शकत नाही. आणि एखादा न्यूट्रिनो झेडशी काही देणंघेणंच ठेवत नसेल, तर तो टाकीला न जोडलेला नळ आहे. टाकी किती वेळात रिकामी झाली यावरून त्याच्याबद्दल काहीच कळत नाही. अशा न्यूट्रिनोंचा शोध आज दुसऱ्या प्रयोगांत, दुसऱ्या मार्गांनी चालू आहे.